कोरी चौकट

धाकटीची एक खोड होती. तयार सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाच्या हाती सोपवायच्या दिवशी ती कीबोर्डला हात लावायची नाही. खुर्ची मागे सरकवून हाताची घडी घालून बसायची आणि म्हणायची, "तुम्ही करा, मी बघते." कामांच्या यादीतली प्रत्येक ओळ गिऱ्हाइकानं स्वतःच्या हातानं करून दाखवली, की मगच तिच्यापुढच्या चौकटीत खूण. भाऊ याला 'धाकटीची प्रात्यक्षिक परीक्षा' म्हणायचा. दोघं मिळून लहानशा धंद्यांसाठी सॉफ्टवेअर करायची. ती बनवायची आणि तो गिऱ्हाइकं सांभाळायचा.

या वेळी गिऱ्हाईक होतं एक रक्त तपासणारी लॅब. काम छान झालं होतं. लॅबची दुसरी शाखा निघणार होती, आणि तिचंही काम मिळालं तर भावा-बहिणीला वर्षभर दारोदार फिरावं लागणार नव्हतं.

"मुख्य पासवर्ड आपल्याकडे ठेव," निघताना भाऊ म्हणाला. "अडले की येतील आपोआप."

"गाय खुंट्याला बांधतात, दादा. गिऱ्हाईक नाही."

"तू बोल. उपाशी मेलीस की हेच तुझ्या फोटोखाली लिहून लावू."

लॅबमध्ये काउंटरवरच्या मावशी परीक्षेला बसल्या. नवा पेशंट नोंदवला, चुकलेलं वय दुरुस्त केलं, रिपोर्ट छापला. मुख्य पासवर्ड मॅनेजरनं बदलला तेव्हा धाकटीनं तोंड भिंतीकडे केलं. खुणा भराभर पडत गेल्या. शेवटच्या ओळीवर गाडी अडली: बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर परत उभा करून पाहिला.

"बॅकअप रोज होतोय ना?" मॅनेजर म्हणाला. "हिरवा दिवा दिसतो मला."

"होतोय. परत उभा राहतो का, ते पाहिलेलं नाही. महिनाभर एक रिकामा कॉम्प्युटर मागतेय मी."

"मोठे डॉक्टर संध्याकाळी यादी बघणार. एक चौकट कोरी दिसली की मलाच विचारतील. करा हो खूण. दुसऱ्या शाखेसाठी मी तुमचंच नाव पुढे केलंय."

धाकटीनं पेनाला टोपण लावलं. "मग नाव मागे घ्या. खूण मी करणार नाही."

"एवढ्याशा चौकटीसाठी?"

"एवढीशीच आहे. कोरी राहू द्या, नाहीतर कॉम्प्युटर द्या."

मॅनेजरचा चेहरा आंबला. मावशी छपाईचे कागद नीट लावण्यात एकदम गढून गेल्या. शेवटी त्यानं आपल्याच टेबलावरचा लॅपटॉप तिच्यापुढे ढकलला. "घ्या. होऊन जाऊ द्या तुमचं समाधान."

"माझं नाही. मावशी, बसा."

मावशींनी कागदावर लिहिलेल्या पायऱ्या बोटानं वाचत बॅकअप उभा केला. पेशंटची नावं आली, आकडे आले. मॅनेजर विजयी हसला. मग मावशींनी एका नावासमोरची डॉक्टरांची स्कॅन केलेली चिठ्ठी उघडली. पडद्यावर आलं, 'फाइल सापडत नाही.' दुसरी उघडली. तेच.

धाकटीला कारण लगेच कळलं. चिठ्ठ्या वेगळ्या फोल्डरमध्ये होत्या, आणि बॅकअपला तिनं फक्त नोंदींचाच पत्ता दिला होता. मॅनेजरला काहीच कळलं नव्हतं. 'लॅपटॉप जुना आहे' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "चिठ्ठ्या बॅकअपमध्ये येतच नव्हत्या." आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिनं कीबोर्ड पुढे ओढला. फोल्डर जोडलं, नवा बॅकअप घेतला आणि पुन्हा हाताची घडी घातली. "मावशी, पहिल्यापासून."

या वेळी चिठ्ठी उघडली. डॉक्टरांच्या अगम्य अक्षरासकट. मावशींनी स्वतःच खूण केली, जरा दाबून.

"गप्प बसला असतात तर मला पत्ताही लागला नसता," मॅनेजर हळूच म्हणाला.

"म्हणूनच तर कॉम्प्युटर मागत होते."

संध्याकाळी तिनं समारोपाची मेल लिहिली. भाऊ मागे उभा राहून वाचत होता.

"सोबत पूर्ण यादी. बॅकअपमधली चूक माझी होती; ती आज दुरुस्त केली आहे आणि यादीत तशीच लिहिली आहे. महिनाभरात दोष निघाल्यास दुरुस्ती मोफत. नवं काही हवं असल्यास वेगळा अंदाज देईन. माझं खातं आजच बंद करावं. दुसरी शाखा निघाली की दोन्हीकडच्या वेगवेगळ्या पेशंटना एकच नंबर पडण्याचा धोका आहे. काम कुणालाही द्या, आधी तेवढं ठरवून घ्या. मला दिलंत तर आनंदानं करीन, आणि यादी अशीच असेल."

"चूक कशाला लिहितेस?" भाऊ कळवळला. "आणि 'कुणालाही द्या'? निदान ते 'अशीच असेल' तरी काढ. धमकी वाटते."

"आहेच," धाकटी म्हणाली आणि मेल पाठवली.

दोघं जेवायला बसली तेव्हा तिच्या फोनवर लॅबची सूचना आली: आपलं खातं बंद करण्यात आलं आहे. भावानं ताटावरून मान वर केली नाही. त्याच्याच फोनवर मग मॅनेजरचा मेसेज आला. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं होतं, नंबरांचं बोलायला ताईंना कधी वेळ आहे.

भाऊ उत्तर टाइप करायला लागला, 'केव्हाही.' धाकटीनं फोन त्याच्या हातातून काढून घेतला, तो शब्द पुसला आणि लिहिलं, 'गुरुवारी. तेव्हा मावशीही हव्यात.'