काजळाचं रिंगण

त्या वर्षीची दुपार मला अजून स्वप्नासारखी आठवते. शिरूर कासार भागातलं एक गाव, सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नाही, आणि गावात माणूस म्हणावं तर बायकाच. बाप्ये जनावरं घेऊन चारा छावणीवर गेलेले. जनावरंच नाहीत तर दूध कुठलं? सहकारी दूध सोसायटीची खोली रिकामी पडली, म्हणून आरोग्य उपकेंद्राला तिचा अर्धा भाग मिळाला आणि मला, नव्या नर्सला, एक टेबल. दुधाचे कॅन मी सोड्याने घासून पाण्यासाठी ठेवले होते. टँकर आला की ते भरायचे. बाकी दिवसभर पांढरं ऊन, पत्र्याचा कडकडाट आणि डोळ्यांवर येणारी झापड. वेळ हलायचाच नाही.

त्या खोलीत मी पहिलं बाळंतपण एकटीने केलं. मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, तीन किलोची, आल्याआल्या खोली डोक्यावर घेणारी. मला वाटलं, जग जिंकलं. बाळंतिणीला मी चहा केला आणि स्वतःलाही, दोन चमचे साखर जास्त घालून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाच्या छातीवर लाल चट्टे उठले. दुपारपर्यंत पाठीवर, मांडीवर, गालावर. लाल डाग आणि प्रत्येकाच्या मधोमध ज्वारीच्या कणीएवढा पिवळसर ठिपका. बघताक्षणी पू वाटावा असा. नर्सिंगच्या वर्गात हे शिकवलं असणार, पण त्या दिवशी मी पेंगत असणार. आणि एक गोष्ट मी कुणाला बोलले नाही: बाळाचं कापड मी त्याच कॅनच्या पाण्यात धुतलं होतं. सोडा नीट निघाला होता का?

बाळंतिणीची सासू पन्नाशी ओलांडलेली, काटक, कमी बोलणारी बाई. तिने नातीचं कापड बाजूला केलं, बघितलं आणि उठून घरी गेली. परत आली ती पदराला दोन बिब्बे बांधून. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला की काळं तेल सुटतं. ते टेकवलं की कातडी भाजते. आमच्याकडे पोट दुखलं, पाय मुरगळला, की म्हातारी माणसं हेच करतात. पण दोन दिवसांच्या बाळाच्या अंगावर, प्रत्येक ठिपक्यावर?

मी नको म्हणाले. ती म्हणाली, तुला काय कळतं, तुझ्याच पाण्यानं झालं आसंल. वर्मावरच बोट ठेवलं बाईने. बाळंतीण भिंतीकडे तोंड करून बाळाला पाजत होती आणि तिची पाठ हलत होती. रडत होती ती. शेवटी मी सासूला एवढंच मागितलं, की टँकरबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरला विचारून येते, तोवर बिब्बा लावू नका. ती म्हणाली, दिवस कलायच्या आत ये.

टँकरच्या केबिनमध्ये मी घामाने भिजून बसले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भेगाळलेली, तांबूस जमीन हळूहळू मागे सरकत होती आणि मला प्रत्येक ढेकळात तोच पिवळा ठिपका दिसत होता.

डॉक्टर वैतागलेले, पण भला माणूस. त्यांनी मलाच प्रश्न विचारले. ताप? नाही. दूध ओढतं? चांगलं ओढतं. सुस्त पडलंय? नाही, रडून छत उचलतंय. तळहात, तळपाय? पाहिले नव्हते. डाग एकाच जागी आहेत की जागा बदलतात? तेही माहीत नव्हतं. मग त्यांनी पुरती हजेरी घेतली आणि मगच समजावलं.

चांगल्या भरलेल्या, निरोगी बाळांना हे होतंच, म्हणाले. आईच्या पोटात सगळं निर्मळ. बाहेर आल्यावर कातडीवर पहिल्यांदा जंतू बसतात, केसांच्या मुळाशी शिरतात. अंगातल्या राखणदार पेशी तिकडे धावतात. तो लाल डाग म्हणजे त्यांची धावपळ, आणि पिवळा ठिपका म्हणजे त्यांचीच गर्दी. त्यात पू नाही. पक्कं कारण कुणालाच माहीत नाही, पण असं मानतात. "गावात नवं माणूस आलं की कुत्री भुंकतात. ओळख पटली की गप बसतात. तू दगड मारायला जाऊ नको." केस जिथे उगवत नाहीत तिथे, म्हणजे तळहाता-तळपायावर, हे डाग बहुतेक येत नाहीत. सोड्याचं मी रडवेली होऊन सांगितलं, तर म्हणाले, कापड काय गालाला गुंडाळलं होतंस? हे डाग काही तासांत जागा बदलतात; एखाद्याभोवती रिंगण काढ आणि बघत बस. ताप आला, दूध सोडलं, बाळ मलूल झालं तर मात्र तसंच उचलून इकडे आण.

परत आले तेव्हा सासूने दिवा लावला होता. सुई हातात होती. दिवस कललाच होता म्हणा.

मी तिच्या हाताला हात लावला नाही. आधी बाळाच्या मुठी उघडल्या, पाय दाखवले. कोरे, गुलाबी, एक डाग नाही. मग तिच्याच डबीतलं काजळ घेतलं आणि मांडीवरच्या सर्वांत मोठ्या डागाभोवती रिंगण काढलं. काजळाला ती कशी नाही म्हणेल! म्हणाले, मावशी, फक्त उद्या सकाळपर्यंत थांबा, डाग रिंगणातून हलतो का बघू.

ती सुई तशीच धरून बसली आणि मग जे बोलली त्याने मी हबकले. "माज्या पयल्याला आसंच उठलं हुतं. तिसऱ्या दिशी. सासूनं बिब्बा दिला, पर उशीर झाला म्हनली. फोड आलं, चिघळलं, नवव्या दिशी गेला. म्हनून मी उशीर करीत न्हाई."

बाळंतिणीने पहिल्यांदा मान वळवून सासूकडे पाहिलं. तिलाही हे माहीत नव्हतं. सासूने दिवा मालवला.

सकाळी रिंगण होतं, आत काही नव्हतं. डाग सरकून गुडघ्याजवळ नवा उठला होता. गालावरचे दोन नाहीसेच झाले होते. बाळाला ताप नव्हता, ते भुकेने ओरडत होतं. पुढचे चार दिवस सासू रोज येऊन काजळाने नवं रिंगण काढायची, स्वतःच. डाग उठायचे, फिरायचे, पुसले जायचे. सातव्या दिवशी मला एकही सापडेना. कुणी काही लावलं नव्हतं, कुणी काही केलं नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की त्या उन्हातही गाणं म्हणावंसं वाटलं.

सासू नातीला मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. तिच्या पायावरून, पाठीवरून हात फिरवत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, खरं सांग. त्याचंबी आपसूक गेलं आसतं का?"

मला खोटं बोलायचं होतं. तुमचं लेकरू मी पाहिलं नाही, मला कसं कळणार, एवढं म्हणून सुटता आलं असतं. पण तिने खरं मागितलं होतं.

"बहुतेक गेलं असतं, मावशी," मी म्हणाले.

तिने मान हलवली. नातीचं झबलं खाली ओढलं, गुंडी लावली.

"आज चाळिशीचा आसता," ती म्हणाली.