पाकिटं फोडण्याआधी

सोमाजीचा कोणावरच भरवसा नव्हता. सख्ख्या भावानं जाळं विणून दिलं तरी हा गाठ न् गाठ ओढून बघणार. बायको गोकुळा म्हणायची, "यायले देवानं परसाद देल्ला तरी हुंगूनच खातीन." नागभीडपासून चारेक कोसांवरच्या त्या ढिवरांच्या गावात मच्छीमार सोसायटीच्या मंडळावर तो सलग निवडून यायचा, तो या स्वभावापायीच. लोक म्हणत, सोमाजीभाऊ आत बसला असला की कोणी गडबड करत नाही.

आणि यंदा गडबड सोमाजीच्याच पोटात होती, घ्या!

झालं असं. थंडी सरत आली, तळ्यांचं पाणी खाली गेलं, मासळी ओढायचे दिवस जवळ आले. सोसायटीची सगळी मासळी हंगामभर कोण उचलणार, याचा ठेका द्यायचा होता. त्यासाठी व्यापाऱ्यांनी किलोमागचे भाव बंद पाकिटांतून पाठवले होते. त्यातलं एक पाकीट लटारूचं. लटारू म्हणजे सोमाजीचा जावई. दूरच्या गावचा, सायकलवर मासे विकता विकता हातपाय पसरायला निघालेला. लेक सीता आठ दिवस आधीच माहेरी येऊन बसली होती.

"बाबा, तुमी मंडळात हाव. तुमी नाई बोलान तं कोन बोलन?"

"पाहून घेऊ," सोमाजी म्हणाला होता. त्या दोन शब्दांवर सीता निवांत झोपत होती. मंडळात मात्र ही सोयरीक त्यानं कोणाला सांगितली नव्हती. लटारूचं गाव लांबचं, इथं त्याला नावानं कोण ओळखतंय?

नव्या अध्यक्षाची ही पहिलीच सभा. अध्यक्ष घनश्याम, तिशीतला, मॅट्रिक झालेला, पण सकाळी डोंग्यात बसून जाळं टाकणारा. सोसायटीची खोली तळ्याच्या पाळीला, मातीच्या बांधाला, लागून, कवेलूच्या छपराची. सतरंजीवर मंडळी बसली. उपाध्यक्ष रामाजी धानोऱ्याला लग्नाला गेला होता, बाकी सगळे हजर. सचिव श्रावण सभेचं लिहायला सरसावून बसला. पाकिटं त्याच्या पुढ्यात, लाखेनं बंद.

घनश्याम उभा राहिला. "पाकिटं फोडायच्या आंधी मले दोन गोष्टी बोलाच्या हायेत."

सोमाजीचे कान टवकारले. पाकिटांच्या आधी? काऊन?

"आजपासून हरेक सभेत, विषय निघाच्या आंधी, ज्याचा त्या विषयात मतलब असन त्यानं आपल्या तोंडानं सांगाचं. सोता धंद्यात असन, भागीदार असन, पोरगा, जावई, साळा असन, सांगून टाकाचं. व्यापाऱ्याकडून घरी काई आलं असन, सणाची मिठाई का असेना, तेबी सांगाचं."

जावई! इतकी नाती पडलीत जगात, यानं जावईच काऊन काढला? कोणी सांगितलं याला? श्रावणनं? की सीताच विहिरीवर बोलली? त्यानं एकेकाचा चेहरा चाचपून पाहिला. श्रावण मान खाली घालून लिहीत होता. हा मुद्दामच वर बघत नाही, सोमाजीनं मनात पक्कं केलं.

कुंताबाई, मंडळातली एकुलती बाई, फणकारली, "काजी, आपल्या ढिवरांत कोन कोनाचं नाई? मी तुही चुलत काकी, हा माहा देर. अवघे बाहेर जाऊ अना मांजर बसवू सभेले!"

सगळे खो खो हसले. सोमाजीही हसला, जरा जास्तच मोठ्यानं.

घनश्यामही हसला, पण खाली बसला नाही. "भावकी नाई म्हणत मी, बाई. भावकी तं अवघ्यायचीच हाये. ज्याच्या घरचा नफा-नुकसान या ठेक्यात हाये, त्याची गोष्ट करून राह्यलो. त्यानं सांगाचं अना विषय संपेपर्यंत बाहेर जाऊन बसाचं. बोलाचं नाई, हात वर कराचा नाई, दारातून खुणा कराच्या नाई. कोनं काय सांगितलं, कोन बाहेर गेला, हे श्रावणभाऊ लिहून ठेवतीन. सोयरा असनं गुन्हा नाई. लपवनं गुन्हा हाये. मांगून समजलं तं मी राजीनामा मांगीन, मंग तो माहा बाप का असेना."

आता सोमाजीची खात्रीच पटली. हे सगळं आपल्यासाठीच. जुन्या माणसाला हाकलायचं, आपला गडी बसवायचा. बेटा, मीही कच्च्या गुरूचा चेला नाही! तू तोंड उघडेपर्यंत मी ओठ उघडत नाही. बघू काय पुरावा काढतोस.

"तं मी माहाच पयले सांगतो," घनश्याम म्हणाला. "यात एक पाकीट सुकलूचं हाये. सुकलू माह्या बायकोचा भाऊ. म्हून या विषयाले मी अध्यक्ष नाई. तुमी तुमच्यातला कोनी निवडा." आणि चपला पायात सरकवून गडी सरळ बाहेर गेला.

नाटक आहे, सोमाजीला वाटलं. पण कोणासाठी?

"उपाध्यक्ष नाईत. मंग?" श्रावणनं विचारलं.

"सोमाजीभाऊ हायेत ना," कुंताबाई लगेच म्हणाली. "त्यायच्यासारखा चोख मानूस कोन हाये? बसा भाऊ तिकडे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सोमाजी उठला, अध्यक्षाच्या जागी जाऊन बसला. श्रावणनं पाकिटं त्याच्यासमोर सरकवली. वरच्याच पाकिटावर लटारूचं वेडंवाकडं नाव.

"भाऊ, फोडाच्या आंधी विचारा अवघ्यायले," श्रावण हळूच म्हणाला. "आताच ठरलं ना."

सोमाजीनं तोंड उघडलं. विचारायचं होतं, कोणाचं काही आहे का. सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि एकाच्याही डोळ्यांत संशय नव्हता. जन्मभर दुसऱ्यांच्या डोळ्यांत खोट शोधणाऱ्या त्या माणसाला त्या साध्या नजरा सोसवेनात. कोणी पकडलं असतं तर भांडला असता. इथं तर कोणी पकडतच नव्हतं!

"माहंच हाये," तो शेवटी म्हणाला. "लटारू माहा जावई होय. लिहा श्रावणभाऊ. कुंताबाई, तुमी बसा इथी."

तो बाहेर आला तेव्हा घनश्याम पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली बसला होता. सोमाजी हातभर अंतर ठेवून टेकला. आतून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते.

"तुले माईत होतं ना माह्या जावयाचं?" सोमाजीनं दबक्या आवाजात विचारलं.

घनश्यामनं चमकून पाहिलं. "तुमचा जावई? कोनता?"

"लटारू."

"नाई जी! मले तं सुकलूनं जीव नकोसा केला होता. बायको दोन दिवस बोलली नाई. म्हटलं, आंधी सगळ्यायसमोर बांधून घेतो सोताले, नाई तं मीच घसरीन." तो ओशाळं हसला. या पोरावर आपण काय काय संशय घेतला होता, सोमाजीच्या मनात आलं.

आतून हाक आली. वरोऱ्याच्या व्यापाऱ्याचा भाव सगळ्यांत चढा होता, ठेका त्याला गेला. लटारूचा भाव थोडक्यात हुकला होता, सुकलूचा बराच. कुंताबाईनं वाचून दाखवलं, श्रावणनं लिहिलं, आणि घनश्याम पुढच्या विषयासाठी आपल्या जागेवर बसला.

सोमाजी घरी आला तेव्हा सीता दारातच उभी होती.

"काय झालं बाबा?"

"वरोऱ्यावाल्याले गेला. त्याचा भाव जास्त होता."

"अना तुमी काय बोलले?"

"मी नव्हतो आत. बाहेर बसलो होतो, झाडाखाली."

"बाहेर?" सीता म्हणाली. "ठेक्याच्या वक्ती? काऊन?"

"सांगून टाकलं म्या, का तो माहा जावई होय. मंग बाहेर जा लागते."

डोळे बारीक करून सीता बापाकडे बघत राहिली, वरपासून खालपर्यंत. ती नजर सोमाजीच्या ओळखीची होती. उभ्या जन्मात त्यानं सगळ्या गावाकडे तसंच पाहिलं होतं.

"खरं सांगा बाबा," ती म्हणाली. "वरोऱ्यावाल्यानं काय देल्लं तुमाले?"