पांढऱ्या ड्रमांचा राखणदार

उखर्डूनाना रस्त्यावरचा मैलकुली. तीस वर्षं खड्डे बुजवल्यावर, निवृत्तीला आठ महिने राहिले असताना, त्याला बढतीसारखं एक काम मिळालं. पिंपळनेरजवळच्या पुलावर चुना फासलेले डांबराचे सोळा रिकामे ड्रम राखायचे. दोन्ही कडा बंद, वाहन फक्त मधून.

कारणही त्याला ठाऊक होतं. पुलाखाली रस्त्याच्या लांबीला चार गर्डर, त्यांना जोडणाऱ्या आडव्या तुळया. तपासणीच्या दिवशी भरलेला ट्रक कठड्यालगत उभा करून गर्डरांखाली लावलेल्या, वाक मोजणाऱ्या घड्याळांचे आकडे नानानंच वाचले होते. कडेचा गर्डर सहा मिलिमीटर वाकला, शेजारचा दोन, तिसरा अर्धा; चौथ्याला खबरच नाही. डिंपल मॅडम, नव्या इंजिनीअर, म्हणाल्या की आडव्या तुळया तडकल्यात, त्यामुळे चाकाखालच्या गर्डरवरचं वजन शेजारचे गर्डर पुरतं वाटून घेत नाहीत. त्यात कडेच्या गर्डरला शेजारी एकाच बाजूला, आणि त्याची सळई गंजून पापडासारखी सुटलेली. गाडी मध्यातून गेली तर मधले दोन शाबूत गर्डर बहुतेक भार घेतात. म्हणून ड्रम.

गावाला एवढा हिशेब नको होता. वना ट्रकवाला रोज थट्टा करायचा, "नाना, तुमनं लगीन त्या ड्रमसंगे लागेल शे का?" नाना म्हणायचा, बायकोपेक्षा बरे, जागचे हलत नाहीत.

मार्चच्या एका दुपारी पुलाच्या मधोमध टेम्पोचा अ‍ॅक्सल तुटला. मागे अर्धा मैल रांग, भोंगे, शिव्या. पहिलीच गाडी वनाची, कांद्यानं गच्च भरलेली. मेकॅनिक साक्रीहून यायचा होता. डिंपल मॅडमचा फोन लागेना. वना खाली उतरला. आज थट्टा नव्हती.

"नाना, एकच गाडी जाऊ दे. कडेकडेनं हळूच लेस गाडी."

एका गाडीनं काय होतंय, असं नानाला वाटलं. सहा मिलिमीटर तर वाकतो, परत वर येतो. त्यानं स्वतः चार ड्रम लोटले.

डावी चाकं थेट कडेच्या गर्डरवर आली, उजवी त्याच्या नि दुसऱ्याच्या मध्ये. अर्ध्याहून जास्त ट्रक त्या एकट्या गंजक्या गर्डरच्या डोक्यावर. आवाज मोठा झाला नाही, वाळलेलं लाकूड मोडावं तेवढाच. कडा खचली, ट्रक कलला, आणि कठड्यासकट कोरड्या पात्रात गेला. वनाला केबिनमधून काढायला दोन तास लागले. कांदे मात्र लोकांनी लवकर वेचले.

चौकशीच्या दिवशी खात्याच्या मोठ्या साहेबांनी नानाला बाजूला घेतलं. म्हणाले, ड्रम अज्ञात वाहनचालकांनी हटवले, एवढं लिहू. तुमची पेन्शन राहील, आमचीही मान सुटेल. कागद तयारच होता. नानानं तो वाचला. घड्याळाचे आकडे वाचले होते तसाच, सावकाश.

"सायेब, ड्रम मीच सरकाडात," तो म्हणाला. "चार."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. निलंबनाचा आदेश संध्याकाळपर्यंत आला. उरलेले बारा ड्रम आता बंद केलेल्या पुलाच्या तोंडाशी आडवे लावलेत, आणि त्यांना राखायला कुणी लागत नाही.