नागमणीच्या चार भाषा

पुष्पावतीबाई गाडेकर निवृत्त झाल्या, त्यालाही आता जमाना झाला. तरी नगरच्या विणकर आळीतली ती शाळा आठवली की त्यांच्या कानात आधी हातमागांचा खटाखट आवाज सुरू होतो. वर्गात मुलं पाढे म्हणायची आणि बाहेर माग चालायचे. दोन्हींचा ठेका कधी कधी एकच व्हायचा. भिंगारहून टांग्यानं यायचं, कोपऱ्यावर उतरायचं, रंगवलेल्या सुताचा ओला वास घेत शाळेत शिरायचं. बाहत्तर साली त्यांच्याकडं पाचवीचा वर्ग आला आणि त्या वर्गात नागमणी चिप्पा होती.

पोरगी बोलायला लागली की वर्ग गप्प बसून ऐकायचा. तोंडी हिशेबात तिचा हात कुणी धरत नसे. पण पुस्तक उघडलं की ती दुसरीच कुणी व्हायची. एकेका अक्षरावर अडायची, कपाळाला घाम यायचा, ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असायची. शुद्धलेखनात ‘दिवस’चा कधी ‘दवस’ व्हायचा, कधी ‘दवीस’. एकदा तर बाईंना मराठी अक्षरांच्या डोक्यावर रेघेऐवजी बरोबरच्या खुणेसारख्या शेपट्या दिसल्या. त्या तेलुगूतल्या होत्या. घरी तिचे आजोबा, तिचे ताता, रोज संध्याकाळी तिला तेलुगू लिहायला बसवायचे. शाळेत मराठी, आणि पाचवीपासून हिंदी नि इंग्रजीही. चार भाषा, तीन लिप्या, आणि सगळं एकदम.

मुख्याध्यापक पुंजाराम गुरुजी शिस्तीचे, पण मनानं वाईट नव्हते. ते म्हणाले, “बाई, घरात तेलुगू बोलतात ना, त्यानंच घोळ होतोय. त्यांना सांगा, बंद करा म्हणावं.”

बाईंना ते पटलं. त्या त्याच दिवशी चिप्पांच्या घरी गेल्या. नागमणीची आई राजव्वा सुपात तंबाखू घेऊन विड्या वळत होती. बाईंचं म्हणणं ऐकून तिनं मान हलवली. “तुम्ही सांगता तर करू, बाई.”

घरानं इमानदारीनं शब्द पाळला. दीड महिना गेला. वाचन तसूभरही सुधारलं नाही. उलट वर्गाला गोष्टी सांगणारी पोर मुकी झाली. मधल्या सुट्टीत सुकडी वाटली जायची, तेव्हाही ती भिंतीकडं तोंड करून खायची. एक दिवस राजव्वाच शाळेत आली. तिचं मराठी बाजारापुरतं. पदराचं टोक पिळत ती म्हणाली, “बाई, मला मराठी थोडंच येतंय. पोरगी घरी आली की मी म्हणते ‘जेव’, ‘झोप’. बाकी काय बोलू? ती बी बोलत नाही आता.”

बाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

डोळ्यांत काही दोष असेल म्हणून त्यांनी नागमणीला दवाखान्यात नेऊन आणलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “नजर स्वच्छ आहे. काही हुशार मुलांना वाचणंच जड जातं. बाहेरच्या देशांत त्याला डिस्लेक्सिया म्हणतात. त्यावर औषध नाही, शिकवायची पद्धत बदलावी लागते. पण ती कशी, हे मला नाही सांगता येणार.”

दिवाळीला बाई माहेरी, देवळाली प्रवऱ्याला गेल्या. धाकटा भाऊ छगन मळ्यातल्या इंजिनावर कान ठेवून बसला होता. नुसत्या आवाजावरून तो बिघाड ओळखायचा. पण चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. बाईंनी त्याला नागमणीची हकिकत सांगितली. तो हात पुसत बांधावर येऊन बसला.

“आक्का, मलाबी अक्षर दिसायचं गं. नीट दिसायचं. पन त्याचा आवाज तोंडात यायला येळ लागायचा. तवर गुरुजी पुढच्या वळीला गेल्याले असायचे. मग छडी बसायची, आन् हाय तेबी इसरायचं.”

“मला कधी बोलला नाहीस.”

“तूच म्हनायची, छगन आळशी हाय.” तो हसला, पण बाईंना हसता येईना. मग म्हणाला, “मला येकच लिवायची हुती, तरी मी घरी बसलो. तिला तीन-तीन? येका टायमाला येकच दे. आन् बोलनं कशापायी बंद केलं? बोलता तर येत हुतं की तिला.”

सुट्टी संपली तशा बाई सगळ्यांत आधी चिप्पांच्या घरी गेल्या. “राजव्वा, माझं चुकलं. घरात तेलुगूच बोला. पोटभर बोला.” मग ताताजींकडं वळून हात जोडले. “लिहिणं मात्र थोडे दिवस थांबवा. आधी मराठी वाचन पक्कं होऊ द्या.”

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. “आमची अक्षरं ती विसरली तर?”

“कानात भाषा राहिली, तर अक्षरं मागून येतील. तुम्ही तिला रोज वाचून दाखवा.”

त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर वीस मिनिटं परातीत वाळू घेऊन दोघी बसायच्या. आधी शब्द टाळ्यांवर तोडायचा, का-ग-द. मग आवाज मोठ्यानं काढत बोटानं अक्षर गिरवायचं. पहिली वेलांटी तिला फार छळायची. ऐकू येते नंतर, लिहायची आधी. तिच्यावर पंधरा दिवस गेले. बाईंनी घाई केली नाही. एक खूण हाताखालून जाईपर्यंत दुसरी काढायची नाही, असा नेमच केला. हिंदी फक्त ऐकायची, बोलायची. लिपी तीच होती, मराठी बसली की तीही वाचता येणार होती. इंग्रजीही फेब्रुवारीपर्यंत तोंडीच. नंतर छोटी अक्षरं घेतली, तीही नावानं नाही, आवाजानं. बी आणि डी उलटसुलट व्हायचे. बाई म्हणायच्या, “ओठ मिटतात का बघ.” मिटले की बी. ओठांवर बोट ठेवून नागमणी लिहायची.

वार्षिक परीक्षेला बाईंनी गुरुजींना गळ घातली, भूगोल-इतिहास तोंडी घ्या.

“बाकीच्या पोरांनी काय पाप केलंय?” गुरुजी म्हणाले.

“लिहिण्याची परीक्षा तिचीही घ्याच. पण भूगोल येतो का, हे तिला विचारूनच कळेल. तुम्ही स्वतः विचारा.”

गुरुजींनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, “आपल्याकडं पाऊस कमी का?”

नागमणी उभी राहिली. समुद्रावरून ढग कसे येतात, सह्याद्रीला चढताना थंड होऊन तिकडंच रिकामे होतात, इकडं उतरताना वारा कसा कोरडा पडतो, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, “म्हणून आपल्याकडच्या माणसांना विहिरी खोल खणाव्या लागतात.” ते दुष्काळाचं वर्ष होतं. पुढचे प्रश्न गुरुजींनी खुर्चीतून उठून, तिच्याजवळ जाऊन विचारले.

ती पास झाली. चमत्कार काही झाला नाही. वाचन आयुष्यभर संथच राहिलं, स्पेलिंग चुकतच राहिलं. मॅट्रिक दुसऱ्या खेपेला निघाली. सातवीच्या सुट्टीत मात्र ताताजींनी पाटी पुन्हा काढली आणि तेव्हा तेलुगू अक्षरं तिनं आनंदानं गिरवली. पुढं ती दवाखान्यात दाई झाली. आळीतल्या बायकांशी तेलुगूत, डॉक्टरांशी हिंदीत आणि नोंदवहीशी सावकाश मराठीत बोलायची.

पुष्पावतीबाईंनी त्यानंतर एकवीस वर्षं शिकवलं. दर जूनला नव्या वर्गात हजेरी घेतली की त्या पुस्तक मिटून ठेवायच्या आणि एकेकाला विचारायच्या, “घरी आईशी कोणत्या भाषेत भांडतोस रे?” पोरं खुदकन हसायची आणि आपापल्या भाषेत सांगायला लागायची.