निळं पाणी

लग्न होऊन आल्यापासून वहिनी नणंदेच्या पार्लरमध्ये राबत होती, पण वन्संपुढे तिने कधी ब्र काढला नव्हता. आज पहिल्यांदाच एका मुलीचं रंगवायचं अख्खं डोकं तिच्या हाती आलं होतं, उजवीकडे गुलाबी आणि डावीकडे निळं. "बिघडलं तर यापुढे नुसता केर काढायचा," असं वन्संनी आधीच बजावलं होतं.

ब्लीच केलेल्या केसांना तिने रंग नीट लावले होते, दोन्हींना वेगळे ब्रश आणि मध्ये फॉइल. खरी धाकधूक होती ती बेसिनवर. धुताना निळा रंग सुटतो आणि गुलाबीवर चढला, की सगळं मळकट होऊन बसतं. म्हणून निळे केस फॉइलमध्येच ठेवून तिने आधी गुलाबी बाजू गार पाण्याने धुतली, तिच्यावर कंडिशनरचा जाड थर थापला आणि ते केस क्लिपने दूर बांधले.

तेवढ्यात वन्सं आल्या. "किती घोळ घालतेस गं? बाहेर गिऱ्हाइकं खोळंबलीत." त्यांनी गरम पाणी सोडलं आणि फॉइलला हात घातला.

वहिनीने त्यांचं मनगट धरलं.

"वन्सं, गरम पाण्याने रंग आणखी सुटेल. सरका तुम्ही."

"मला शिकवतेस?"

"आज हो."

खुर्चीतली मुलगी श्वास रोखून बसली होती. वहिनीने तिची मान डावीकडे कलती केली, फॉइल काढली आणि गार धार धरली. निळं पाणी गुलाबीला न शिवता बेसिनमध्ये उतरत राहिलं. ते नितळ होईपर्यंत तिने धार हलू दिली नाही.

केस वाळले तेव्हा दोन्ही रंग शेजारी शेजारी लख्ख उभे होते.

वन्सं मनगट चोळत म्हणाल्या, "बाहेरच्या बाईलाही असंच हवंय. बोलाव तिला."