तिसरा बीप

काकांच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात रेडिओ कधीच लागत नसे. कॉम्प्युटर सुरू होताना आतला छोटा स्पीकर काय बोलतो, ते ऐकायचं असे. पडद्यावर काहीच दिसत नसलं की बीप हीच त्याची वाचा. "आधी मदरबोर्ड कुठल्या कंपनीचा ते बघायचं," काका सांगत, "प्रत्येकाची बोली वेगळी. एकाकडे जी मेमरीची तक्रार, तीच दुसऱ्याकडे ग्राफिक्सची."

"कान गेले की कुलूप लावीन," असंही ते म्हणत. काकू त्यावर म्हणत, "माझं बोलणं तर कधीचं ऐकू येत नाही. मग लावा!"

त्या दिवशी फोटोग्राफरचा कॉम्प्युटर टेबलावर होता. या बोर्डाच्या बोलीत एक लांब आणि दोन छोटे बीप म्हणजे मेमरी. एक लांब, तीन छोटे म्हणजे ग्राफिक्स कार्ड. काकांनी दोनच ऐकले. मेमरीच्या पट्ट्या पुसल्या, जागा बदलल्या, शेवटी स्वतःच्या खात्रीच्या पट्ट्या लावल्या. पडदा काळाच.

"काका, दुसरीकडे दाखवू का?" फोटोग्राफरने चाचरत विचारलं.

डबा घेऊन आलेल्या काकू दारातच थांबल्या. "अहो, तीन आहेत."

"दोन."

"तीन! शेवटचा बारीक आहे. पुन्हा लावा बघू."

काकांनी बटण दाबलं. ओठ हलले, दोनवर थांबले. मग त्यांनी बोर्डावरच्या त्या गोल, बटणाएवढ्या स्पीकरवर बोट टेकवलं आणि पुन्हा बटण दाबलं. एक लांब थरथर. छोटी. छोटी. आणि अजून एक.

त्यांनी वीज बंद केली, ग्राफिक्स कार्ड उपसलं, त्याच्या कडेच्या काळवंडलेल्या सोनेरी दातांवरून खोडरबर हलकेच फिरवलं आणि कार्ड खट् आवाज येईपर्यंत बसवलं. त्याची वीजवायरही नीट दाबली. आता एकच छोटा बीप झाला. सगळं ठीक असल्याची खूण. पडदा उजळला, फोटोग्राफरच्या चेहऱ्यावरही उजेड पडला.

तो गेल्यावर काकांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. काकूंनी ती उचलून त्यांच्याच खिशात परत टाकली. "कुलूप नंतर. आधी जेवण, मग कानाचा डॉक्टर."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला. "बीप ऐकू आला की बोट वर करायचं." काका अगदी शहाण्या मुलासारखे बसले. कधी बोट वर जाई, कधी नुसतंच वाट बघत राही. तपासणी संपल्यावर बाई म्हणाल्या, "बारीक आवाज निसटतात. कानाला मशीन लावलं तर काम चालू ठेवता येईल."

"लावतो," काका म्हणाले. मग गंभीरपणे, "पण तुमच्या यंत्राची बोली काही कळली नाही. बोर्ड कुणाचा आहे?"

काकूंनी कपाळाला हात लावला. पण निघताना त्यांचं ते बोट धरूनच पायऱ्या उतरल्या.