बटणावरची चिकटपट्टी

“सूर्यभान, माझा आवाज खाली ओढलास म्हणून मी तुझ्याशी भांडले. चूक माझीच होती,” असं कालिंदीबाईंनी पत्रात लिहिलं, तेव्हा विद्यापीठाचं नामांतर होऊन महिना झाला होता.

सूर्यभान फर्दापूरच्या मेंढपाळाचा मुलगा. उस्मानपुऱ्यातल्या स्टुडिओत तो नामांतराची फिल्म जोडत होता. निवेदन निवृत्त प्राध्यापक कालिंदीबाईंचं. कच्ची फिल्म शेजारच्यांना दाखवली, तर मोर्चाच्या घोषणा आल्या की ते टीव्हीचा आवाज कमी करत, आणि पाठोपाठची राजाबाईंची हकिगत ऐकूच येत नसे. राजाबाईंचं घर दंगलीत जळालं होतं.

“आवाजाच्या मीटरचा काटा तर सगळीकडं सारखाच जातोय,” बाई म्हणाल्या.

“काटा मानतो, कान नाय मानत. आन् बाई, तुम्ही तर सगळा वर्ग गप करायला बोलल्यागत बोलता.”

राजाबाईंचा आवाज फार चढवला की टेपची खरखरही चढे. म्हणून त्यानं तो थोडाच वाढवला आणि घोषणा, संगीत, निवेदन खाली आणलं. मग टीव्हीचा आवाज एकाच जागी ठेवून बटणावर खुणेची चिकटपट्टी लावली आणि शेजारच्यांना फिल्म पुन्हा दाखवली. शेवटपर्यंत एकही हात बटणाकडं गेला नाही.

फिल्मची कॅसेट दोघांनी राजाबाईंना नेऊन दाखवायचं ठरलं होतं. पण सूर्यभान वाळूजच्या कारखान्यात नोकरीला लागला, बाईंना सवड झाली नाही. कॅसेट अजून बाईंच्याच कपाटात आहे.